‘मिनिमममध्ये बसतो’ म्हणजे किती एफपीएस? सायबरपंकच्या दोन याद्या आणि कंपनीतून निघालेला एक पीसी

प्रश्न: दादा, मी दिग्रसजवळच्या खेड्यातून लिहितो. कंपनीतून निघालेला जुना पीसी घेतला. आय५-६५००, ८ जीबी रॅमची एकच पट्टी, साधी हार्ड डिस्क. दुकानदारानं वरून जीटीएक्स १६५० (४ जीबी) टाकून दिलं. मॉनिटर १३६६×७६८ चा. सायबरपंक २०७७ खेळाचा आहे. दुकानदार म्हणे, मिनिममच्या पुढं आहे, रेकमेंडेडच्या जवळ, ५०-६० एफपीएस भेटन. मी स्टीमवर पाह्यलं तर मिनिममलाच १०६० लिहून आहे. खरं कोणाचं? मिनिमम म्हणजे किती एफपीएस अन् रेकमेंडेड म्हणजे किती? कार्ड बदलू का? अन् मामेभावाकडे आरटीएक्स ३०५० वाला लॅपटॉप आहे, त्याच्यात तरी ६० येईन का?

उत्तर:

भाऊ, दुकानदारही खोटं बोलला नाही आणि स्टीमही खोटं सांगत नाही. तो २०२० ची यादी धरून बसलाय आणि तू २०२३ ची पाहिलीस.

हा गेम १० डिसेंबर २०२० ला आला. त्याआधी जी यादी निघाली तिच्यात मिनिममला आय५-३५७०के, ८ जीबी रॅम आणि जीटीएक्स ७८० होतं, १०८०पी आणि लो सेटिंगसाठी. रेकमेंडेडला आय७-४७९०, १२ जीबी रॅम आणि जीटीएक्स १०६० चं ६ जीबीवालं मॉडेल, १०८०पी आणि हाय सेटिंगसाठी. तुझा आय५-६५०० त्या ३५७०के पेक्षा नवा आहे आणि १६५० हे ७८० च्या किमान तोडीचं कार्ड आहे. म्हणजे ‘मिनिममच्या पुढं’ हे त्या यादीपुरतं बरोबर. पण त्या यादीत एफपीएसचा आकडाच नव्हता. ५०-६० हे दुकानदारानं पदरचं जोडलं.

सप्टेंबर २०२३ मध्ये २.० अपडेट आलं, पाठोपाठ फँटम लिबर्टी हा गेमचा जोडभाग आला आणि गेमच्या कंपनीनं यादी नव्यानं लिहिली. आता मिनिममला आय७-६७०० किंवा रायझन ५ १६००, १२ जीबी रॅम, ७० जीबी जागा असलेली एसएसडी आणि जीटीएक्स १०६० ६ जीबी, आरएक्स ५८० ८ जीबी किंवा इंटेल आर्क ए३८० यांपैकी एक कार्ड. समोर स्पष्ट लिहिलंय: १०८०पी, लो, सरासरी ३० एफपीएस. रेकमेंडेडला आय७-१२७०० किंवा रायझन ७ ७८००एक्स३डी, १६ जीबी रॅम, आरटीएक्स २०६० सुपर किंवा त्या वर्गातलं कार्ड, आणि समोर १०८०पी, हाय, सरासरी ६०.

आता यातली गंमत पाहा. तेच १०६०, तोच गेम. तीन वर्षांत ते कार्ड ‘रेकमेंडेड, हाय’वरून ‘मिनिमम, लो, ३०’वर घसरलं. कार्ड काही म्हातारं होऊन मंद झालं नाही. एक तर गेम जड झाला. दुसरं, आधी जे मोघम होतं ते आता आकड्यात आलं. ‘हाय’ लिहिलं आणि एफपीएस लिहिलं नाही, की वाचणारा आपसूक ६० धरतो. लिहिणाऱ्यानं ते म्हटलेलंच नसतं. म्हणून कुठलीही यादी हातात आली की तिची तारीख पाहायची आणि एफपीएसचा आकडा आहे की नाही ते पाहायचं. कार्डाचं नाव नंतर.

आकडा नसलेल्या यादीत ‘मिनिमम’चा अर्थ एवढाच की याच्या खालच्या मशीनवर गेम अडला तर आमच्याकडे तक्रार आणू नका. जीटीए ५ चं २०१५ चं पीसी व्हर्जन घे. मिनिममला कोअर २ क्वाड क्यू६६०० आणि ९८०० जीटी, रेकमेंडेडला आय५-३४७० आणि जीटीएक्स ६६०. रिझोल्युशन नाही, सेटिंग नाही, एफपीएस नाही. अशा वेळी मी मिनिममला लो सेटिंगवर ३० च्या आसपास धरतो, तेही कधी ७२०पी वर. रेकमेंडेडला ३० ते ६० च्या मधलं काहीतरी. ६० धरून पैसे लावत नाही. याउलट व्हॅलोरंटची यादी पाहिलीस तर तिथे ओळींना नावंच एफपीएसची आहेत: ३०, ६० आणि १४४ च्या वर. ३० साठी अगदी जुना प्रोसेसर पुरतो आणि १४४ साठी जीटीएक्स १०५० टीआय. अशी यादी वाचायला डोकं लागत नाही, पण मोठ्या गेममध्ये ती क्वचितच सापडते.

आकडा असला तरी त्याच्याखालची बारीक अक्षरं वाचावी लागतात. अॅलन वेक २ च्या २०२३ च्या मूळ यादीत मिनिममला आरटीएक्स २०६० होतं आणि आकडा ३०, पण ते ३० डीएलएसएस किंवा एफएसआर ‘क्वालिटी’वर लावून. म्हणजे चित्र आत १२८०×७२० ला बनतं आणि मग ताणून १०८०पी केलं जातं. मॉन्स्टर हंटर वाइल्ड्सनं तर आणखी पुढची पायरी गाठली. तिथे रेकमेंडेडला ६० लिहिलंय आणि सोबत ‘फ्रेम जनरेशन चालू ठेवून’ असंही. फ्रेम जनरेशन दोन खऱ्या फ्रेमच्या मधे एक अंदाजानं बनवलेली फ्रेम घुसवतं. म्हणजे त्या ६० मागे खऱ्या फ्रेम ३० ते ४० च असतात, आणि माउस हलवल्यावर हाताला जो प्रतिसाद मिळतो तो त्या खऱ्या फ्रेमच्या हिशोबानं. वर मधली फ्रेम बनवायला पुढच्या फ्रेमची वाट पाहावी लागते, त्यामुळे थोडा उशीर वाढतोच. एएमडीचा स्वतःचा सल्ला आहे की फ्रेम जनरेशन लावण्याआधी खरे ६० मिळत असावेत. तर तिथलं रेकमेंडेड म्हणजे जुन्या भाषेतलं मिनिममच समज.

सुदैवानं सायबरपंकच्या तुझ्या दोन ओळींमध्ये असं काही दडवलेलं नाही. तिथे फक्त ‘सरासरी’ हा शब्द लक्षात ठेवायचा. ३० एफपीएस म्हणजे एक फ्रेम सुमारे ३३ मिलिसेकंदात तयार व्हायला हवी, ६० म्हणजे सुमारे १७ मध्ये. सरासरी ३० असताना गावाबाहेरच्या रिकाम्या रस्त्यावर ४० आणि बाजारात २२ असं चाललेलं असू शकतं. हाताला खटकतात ते २२, आणि यादीत दिसतात ते ३०.

आता तुझ्या मशीनवर येऊ. आधी कार्ड, कारण तू तेच बदलायला निघालायस.

यादीतल्या दोन ओळी एकमेकींसमोर ठेवून पाहिल्या की एक गोष्ट कळते. आरटीएक्स २०६० सुपर हे १०६० ६ जीबीच्या साधारण दुप्पट ताकदीचं आहे. नुसती ताकद दुप्पट झाली तर त्याच सेटिंगवर ३० चे ६० व्हायला हवेत. पण यादी म्हणते की ३० चे ६० तर होतातच, वरून लो चं हाय पण होतं. हे गणित नुसत्या कार्डावर जुळत नाही. २०६० सुपर हाय वर ६० देत असेल, तर निम्म्या ताकदीचं १०६० हाय वर ३० च्या जवळ जायला हवं आणि लो वर त्याच्या बरंच पुढे. तरी यादीत त्याच्यासमोर लो आणि ३० च लिहिलंय. म्हणजे मिनिममच्या ओळीत कार्डाला थोडा श्वास आहे. ती ओळ अडली असेल तर प्रोसेसरवर, नाहीतर लिहिणाऱ्यानं हात राखून लिहिलंय. मला दोन्ही वाटतं. रेकमेंडेडच्या ओळीत कार्ड २०१९ चं आणि प्रोसेसर २०२२ चा, एएमडीचा तर २०२३ चा आहे, हेही त्याच बाजूला बोट दाखवतं.

त्याच मिनिममच्या ओळीत आर्क ए३८० आहे. ते कार्ड साधारण तुझ्या १६५० च्या वर्गातलं, फक्त मेमरी ६ जीबी. एका ओळीत बसवलेली तीन कार्डं सारख्या ताकदीची असतात हा गैरसमज आहे. त्यातलं सगळ्यात हलकं कोणतं ते शोधायचं, खरी पायरी तीच. या हिशोबानं तुझं कार्ड ताकदीत मिनिममच्या उंबरठ्यावर आहे. मेमरीत मात्र दोन जीबीनं कमी.

आता ढोबळ आकडेमोड करू. १६५० हे १०६० ६ जीबीपेक्षा साधारण दहा-पंधरा टक्के मागे आहे. यादी अगदी शब्दशः धरली, म्हणजे १०६० ला एका फ्रेमला ३३ मिलिसेकंद लागतात असं मानलं, तर तुझ्या कार्डाला १०८०पी लो वर ३८ च्या आसपास लागतील. म्हणजे २६ एफपीएस. पण तुझा मॉनिटर १०८०पी नाही. १९२०×१०८० मध्ये २० लाख ७३ हजार ठिपके असतात, १३६६×७६८ मध्ये १० लाख ४९ हजार. जवळजवळ निम्मे. ठिपके निम्मे झाले म्हणून वेळ निम्मा होत नाही, कारण कार्डाच्या कामातला काही भाग ठिपक्यांवर अवलंबून नसतो. समज, ३८ पैकी ७० टक्के वेळ ठिपक्यांवर जातो. मग ११ तसेच राहतात, उरलेल्या २७ चे साडेतेरा होतात, आणि बेरीज २५ च्या आत येते. म्हणजे ४० एफपीएस. वर म्हटलेला श्वास धरला तर आणखी थोडं जास्त. तुझ्या पडद्यावर १६५० लो सेटिंगला ४० ते ४५ सहज देईल असं मी म्हणेन. टेक्स्चर मात्र लो किंवा मिडियमवरच ठेव. ४ जीबी भरली की कार्ड मुख्य रॅममधून माल ओढायला लागतं, आणि तेव्हा सरासरी फारशी पडत नाही, पण गाडी वळवताना मधेच झटका बसतो. झटके बसतायत आणि एफपीएसचा आकडा मात्र ठीक दिसतोय, असं झालं की आधी मेमरीकडे पाहायचं.

तर कार्ड तुझा खरा अडथळा नाही. प्रोसेसर आहे.

फ्रेम बनताना प्रोसेसर आणि कार्ड दोघांचं काम जवळजवळ एकाच वेळी चालतं. प्रोसेसर पुढच्या फ्रेममधली माणसं, गाड्या, पोलीस कुठे असतील ते ठरवतो आणि कार्ड ते रंगवतं. बैलजोडीसारखं आहे, हळू बैल ठरवेल त्याच चालीनं वखर चालतो. कार्ड २५ मिलिसेकंदात मोकळं झालं आणि प्रोसेसरला ४२ लागले, तर तुला मिळणार ४२ चे, म्हणजे २४ एफपीएस. आणि पडदा लहान असल्याचा जो फायदा कार्डाला मिळाला, तो प्रोसेसरला मिळत नाही. १३६६ चा मॉनिटर असो की फोर-के, बाजारात माणसं तेवढीच.

तुझा आय५-६५०० आणि यादीतला आय७-६७०० एकाच पिढीचे, दोन्हीत चार कोअर. म्हणून दुकानदारानं ‘एकच आहे’ म्हटलं असेल. पण ६७०० मध्ये आठ थ्रेड आहेत आणि तुझ्याकडे चारच. वेगही त्याचा ४ गिगाहर्ट्झपर्यंत जातो आणि तुझा ३.६ पर्यंत. सायबरपंक जितके थ्रेड मिळतील तितके खातो. गर्दीच्या जागी ६७०० कसाबसा ३० धरत असेल तर तुझा पंचविशीच्या आसपास येईल, आणि चारही थ्रेड १०० टक्क्यांवर गेले की नुसता आकडा पडत नाही. आवाज तुटतो, माणसं उशिरा उगवतात, रस्ता समोर आल्यावर त्याच्यावर डांबर चढतं. जपानटाउनमधला चेरी ब्लॉसम मार्केट आणि फँटम लिबर्टीतलं डॉगटाउन ही त्यासाठी बदनाम ठिकाणं आहेत.

माझं हे म्हणणं तुला स्वतः ताडून पाहता येईल. गर्दीत उभा राहा, एफपीएस बघ, मग रिझोल्युशन उतरवून १०२४×७६८ वगैरे कर आणि परत बघ. आकडा वाढला तर कार्ड अडवत होतं. जैसे थे राहिला तर प्रोसेसर. खेळताना पडद्याच्या कोपऱ्यात आकडे दाखवणारा ओव्हरले लावला असेल तर आणखी सोपं. जीपीयूचा वापर ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्डाची हद्द आली, ६०-७० वर लोळत असेल तर कार्ड बसून आहे आणि प्रोसेसर घाम गाळतोय. गेममध्ये क्राउड डेन्सिटी नावाचं सेटिंग आहे, ते ‘लो’ कर. ग्राफिक्सच्या यादीत नाही सापडणार, गेमप्लेमध्ये आहे. तुझ्या मशीनवर बाकीच्या दहा सेटिंगपेक्षा या एकाचा गुण जास्त येईल.

रॅमचा रकाना लोक वरवर वाचतात, पण तुझ्याकडे आज सगळ्यात वाईट अवस्था त्याचीच आहे. यादी १२ मागते, तुझ्याकडे ८. विंडोज आणि स्टीम मिळून त्यातले दोन-तीन जातात. उरलेल्यात गेम बसला नाही की विंडोज डिस्कवर सांडायला लागतं, आणि तुझी डिस्क फिरणारी आहे. मग २५ एफपीएससुद्धा स्वप्न वाटतं. अर्धा-अर्धा सेकंद पडदा थिजतो. दुसरी ८ जीबीची पट्टी घाल. १६ होतील आणि दोन पट्ट्यांमुळे ड्युअल चॅनेलही होईल, म्हणजे प्रोसेसरला माल दुप्पट रुंदीच्या वाटेनं मिळेल. जीटीए ५ च्या २०२५ च्या एन्हान्स्ड यादीत तर रॅमसमोर ‘ड्युअल चॅनेल’ असं लिहूनच टाकलंय. एक काळजी घे. या पिढीच्या कंपनीच्या पीसींमध्ये काहींत डीडीआर४ असते आणि काहींत डीडीआर३एल. खाच वेगळी असते, एकाची पट्टी दुसऱ्यात जात नाही. दारव्ह्याला किंवा यवतमाळला जाण्याआधी झाकण उघडून जुन्या पट्टीचा फोटो काढून ने.

एसएसडी यादीत ‘असली तर बरी’ म्हणून नाही, अट म्हणून आहे. या गेमच्या बाबतीत हार्ड डिस्कला दिलेला आधार कंपनीनं २०२३ मध्ये काढून घेतला. एसएसडीनं सरासरी एफपीएस वाढत नाही, हे दुकानदार तुला सांगेल आणि ते बरोबर आहे. पण गाडी जोरात चालवताना शहर वेळेवर समोर यायचं असेल तर ती लागतेच.

मग क्रम असा लाव: आधी रॅमची पट्टी, मग एसएसडी. त्यानंतर हौस उरली तर सेकंडहँड आय७-६७००. तो तुझ्याच सॉकेटचा, तुझ्याच पिढीचा आणि तुझ्याइतकाच ६५ वॉटचा आहे, त्यामुळे बोर्ड आणि एसएमपीएस बदलायची गरज पडत नाही. बोर्ड तो घेतो का एवढं मॉडेल नंबरावरून खात्री करून घे. ७७०० च्या मागे लागू नको, त्याला अनेक जुन्या बोर्डांवर आधी बायोस अपडेट लागतं. आणि नागपूरला सिताबर्डीत कोणी सेकंडहँड १०६० गळ्यात मारायला लागला तर नको म्हण. ते १२० वॉटचं कार्ड आहे, त्याला एसएमपीएसमधून वेगळी सहा पिनांची वायर लागते. कंपनीतून निघालेल्या छोट्या डब्यातल्या एसएमपीएसला ती बहुतेक नसते. तुझ्या दुकानदारानं १६५० टाकलं ते म्हणूनच, बिनवायरचं ७५ वॉटचं कार्ड बोर्डाच्या स्लॉटमधूनच पोट भरतं. तेवढं त्यानं डोकं लावून केलं.

हे सगळं केल्यावर काय मिळेल? १३६६×७६८, लो, क्राउड डेन्सिटी लो: बाहेर ४५ च्या आसपास, गर्दीत सध्याच्या प्रोसेसरवर २५ ते ३०, ६७०० टाकला तर ३० च्या थोडं वर. ६० नाही. एफएसआर लावून ६० काढू म्हणशील तर दोन अडचणी. एक, ते कार्डाचं ओझं कमी करतं, प्रोसेसरचं नाही. दोन, तुझ्या पडद्यावर ‘क्वालिटी’ लावलं तरी आत ९११×५१२ चं चित्र बनेल आणि रात्रीच्या नाइट सिटीतल्या पाट्यासुद्धा वाचता येणार नाहीत. त्यापेक्षा सेटिंगमधून कमाल एफपीएस ३० वर बांध. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर ३० असले की प्रत्येक फ्रेम बरोबर दोन वेळा दिसते आणि चाल एकसारखी वाटते. ३८-४५-४१ असं हेलकावत राहिलं तर आकडा मोठा असूनही डोळ्याला जास्त खटकतं. बऱ्याच जणांना हे पटत नाही, पण करून बघ.

उन्हाळ्याचं एक वेगळं सांगतो, कारण ते कुठल्याच यादीत नसतं. आपल्याकडे मे महिन्यात टिनाच्या खोलीत ४४-४५ डिग्री सहज असते. एनव्हिडियाची कार्डं तापत गेली की आपला वेग हळूहळू उतरवतात, आणि छोट्या डब्यात हवा खेळत नाही. गेममध्ये बेंचमार्क दिलेला आहे. तो मशीन थंड असताना एकदा चालव, अर्धा तास खेळल्यावर परत चालव. दुसऱ्या वेळी आकडा बराच खाली आला तर डबा उघडून धूळ काढ, प्रोसेसरची वाळलेली पेस्ट बदल. कंपनीतून निघालेल्या पीसीत ती हमखास वाळलेली असते.

मामेभावाच्या लॅपटॉपचं थोडक्यात. यादीतली कार्डांची नावं डेस्कटॉपची असतात. लॅपटॉपचं आरटीएक्स ३०५० नावानं नवं असलं तरी बहुतेकांत मेमरी ४ जीबी, आणि कंपनीप्रमाणे त्याला ३५ वॉटपासून ८० वॉटपर्यंत काहीही मिळतं. त्याच नावाच्या दोन लॅपटॉपमध्ये मोठा फरक पडतो. यादीतलं २०६० सुपर ८ जीबीचं आहे आणि ताकदीतही वरचं. त्यामुळे १०८०पी हाय वर ६० विसर. लो-मिडियमवर डीएलएसएस लावून ५०-६० च्या जवळ जाईल, ते चांगल्या वॉटचा लॅपटॉप असेल तर. आणि लाइन गेली, बॅटरीवर आला, की तो आकडा एकदम पडेल. बॅटरी कार्डाला पूर्ण वॉट देऊच शकत नाही. भारनियमनाच्या वेळेत खेळायचं तर इन्व्हर्टरवर चार्जर लावूनच.

शेवटी विकत घेण्याचं. स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेलं असलं की पैसे परत मागता येतात. कुठल्याही यादीपेक्षा ही खरी चाचणी. पण खेड्यात तिला एक खोच आहे. गेम ७० जीबीचा आणि मोबाइलवर रोजचे दोन जीबी, म्हणजे उतरायलाच ३५ दिवस. परतीची मुदत केव्हाच संपलेली. म्हणून दिग्रसला किंवा पुसदला ज्याच्याकडे फायबर आहे त्याच्याकडे पीसी घेऊन जा, विकत घे ते तिथेच बसून, आणि त्याच दिवशी उतरव. आधी मुख्य मेनूतून बेंचमार्क चालव. त्यात सरासरीसोबत सगळ्यात कमी एफपीएसही दिसतो, तो लिहून घे. बेंचमार्क कार्डावर जास्त भार टाकतो, प्रोसेसरची परीक्षा त्यात पुरती होत नाही, म्हणून नंतर गेम सुरू करून सुरुवातीच्या भागातच रस्त्यावर, माणसांत फिरून ये. दोन तासांचं घड्याळ गेम उघडा असेपर्यंत चालू असतं, मेनूत बसलास तरी. दीड तासाच्या आत काय ते ठरव.

रॅमची पट्टी मात्र त्याआधी टाक. ८ जीबी आणि हार्ड डिस्कवर ही चाचणी केलीस तर गेम नापास दिसेल आणि दोष उगाच कार्डाच्या माथी जाईल.